अकरा पानांच्या नोट्स आणि सात मिनिटांचं उत्तर

ती पलूस तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावची. सांगलीत विश्रामबागेतल्या एका अभ्यासिकेत सकाळी साडेसातला येऊन बसायची आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जायची. मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवून निवृत्त झाले. त्यानंतरही अभ्यासिकेतली मुलं अधूनमधून काही विचारायला घरी येतात. एका गुरुवारी दुपारी तिचा निरोप आला: "मॅडम, कृष्णेच्या पुराची कारणं आणि उपाय यावर नीट नोट्स द्याल का? राज्यसेवा मुख्यसाठी पाहिजेत."

निरोप इतकाच. मला तो पुरेसा वाटला. विषय कळला, परीक्षा कळली, मुलगी मन लावून करणारी आहे हेही माहीत होतं. मी कपाटातल्या जुन्या फायली काढल्या. शुक्रवार आणि शनिवार, असे दोन दिवस बसून अकरा पानं हातानं लिहून काढली. आयर्विन पुलाजवळची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ च्याही वर, आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा ५५ च्या आसपास. कोयना धरणाची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी, वारणेवरच्या चांदोलीची ३४.४०. कऱ्हाडला कोयना, हरिपूरला वारणा आणि नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला कशी मिळते त्याचा नकाशाही काढला. एकही आकडा चुकू नये म्हणून प्रत्येक आकडा दोनदा तपासला.

शनिवारी रात्री आठच्या सुमारास मी त्या पानांचे फोटो तिला पाठवले. तिचं उत्तर आलं: "मॅडम, खूप छान आहे. यातलं जास्त महत्त्वाचं कुठलं?" मी लिहिलं, "सगळंच महत्त्वाचं आहे, सगळं वाच." आज मागे वळून पाहिलं की वाटतं, थांबायची जागा नेमकी तीच होती. अकरा पानं हातात आल्यावर कोणी "यातलं कुठलं?" असं विचारतं, तेव्हा समोरच्याकडे एक मर्यादा असते आणि ती त्यानं अजून सांगितलेली नसते. मला मात्र तो प्रश्न आळसातून आलेला वाटला. तो माझा गैरसमज होता.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, तिची सराव चाचणी होती. हे मला सोमवारी कळलं.

सोमवारी ती उत्तरपुस्तिका घेऊनच आली. चेहरा पडलेला होता. चाचणीत प्रश्न होता: "सांगली परिसरातील वारंवार येणाऱ्या पुराला केवळ अतिवृष्टी जबाबदार आहे का? चर्चा करा." १० गुण, मर्यादा १५० शब्द. विषय तोच, तिनं माझ्याकडे मागितलेला. तयारी होती, म्हणून तिनं सगळ्यात आधी हाच प्रश्न घेतला आणि त्यात सोळा मिनिटं घालवली. आम्ही मोजले तेव्हा तिचं उत्तर ३१० शब्दांचं निघालं. पुस्तिकेत या प्रश्नासाठी दोन पानं होती, ती संपल्यावर तिनं समासात आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं. तपासणाऱ्यानं दोन पानांच्या बाहेरचं वाचलंच नव्हतं. मिळालेले गुण ३. शेरा लाल पेनात होता: "माहिती भरपूर. प्रश्नाचे उत्तर नाही."

पेपर संपला तेव्हा तिचे १५ गुणांचे दोन प्रश्न कोरे राहिले होते. म्हणजे ३० गुणांना तिनं हातही लावला नव्हता. एका प्रश्नात ९ मिनिटं जास्त गेली. तयारी चांगली असलेल्या आणखी दोन प्रश्नांमध्येही मिळून तेवढीच, किंबहुना थोडी जास्तच गेली.

मी तिला विचारलं, "१५० शब्दांचं उत्तर लिहायचं आहे, हे तू मला का सांगितलं नाहीस?" ती क्षणभर गोंधळली. मग म्हणाली, "मॅडम, मला वाटलं तुम्हाला माहीतच असणार. मुख्य परीक्षा म्हणजे तसंच असतं ना."

त्या एका वाक्यात सगळं प्रकरण आहे. तिच्यापुरतं ते खरं होतं. तीन महिने ती रोज त्याच नमुन्याच्या पुस्तिकेत लिहीत होती. अभ्यासिकेत शेजारी बसणारे सगळे त्याच नमुन्याचा सराव करत होते. भिंतीवर वेळेचं कोष्टक चिकटवलेलं होतं. सतत डोळ्यांसमोर असलेली गोष्ट वेगळी सांगायची असते, हे तिच्या डोक्यातही आलं नाही. "आज पाऊस पडतोय" असं पावसात उभ्या असलेल्या माणसाला आपण सांगत नाही, तसं.

आता माझी बाजू. "राज्यसेवा मुख्य" हे शब्द वाचले की माझ्या डोक्यात एकच चित्र उभं राहतं. मी ज्या वर्षांत मुलांना शिकवलं, त्या वर्षांत सामान्य अध्ययनाचे चार पेपर बहुपर्यायी होते. प्रत्येकी १५० गुण, चार पर्याय, चुकीच्या उत्तराला गुण कापले जायचे. त्या परीक्षेत पुराची पातळी ५३ फूट की ५७, कोयनेची क्षमता किती, कुठली नदी कुठे मिळते, यावर सरळ गुण मिळायचे आणि जायचे. मी अकरा पानं भरली ती त्याच परीक्षेसाठी. आयोगानं मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचं २०२२ मध्येच जाहीर केलं होतं. पुढे विद्यार्थ्यांची आंदोलनं झाली, २०२३ ऐवजी २०२५ पासून तो नमुना लागू झाला. मी ते बातम्यांत वाचलंही होतं. पण वाचलेली गोष्ट हाताच्या सवयीत उतरायला वेळ लागतो. दोघी एकच शब्द वापरत होतो आणि दोघींच्या मनात दोन वेगळ्या परीक्षा होत्या. म्हणून दोघींपैकी एकीलाही प्रश्न पडला नाही.

निरोपात मर्यादा लिहिलेली नसली की ऐकणारा जागा रिकामी ठेवत नाही. तो स्वतःच्या अनुभवातली मर्यादा तिथे बसवतो आणि ती आपण बसवली हे त्याला कळतही नाही. म्हणून "काही शंका असेल तर विचारा" असं निरोपाखाली लिहून या प्रकरणात काहीच साधलं नसतं. मला शंका नव्हतीच.

मग आम्ही दोघींनी तो प्रश्न पुन्हा हातात घेतला. मी नवीन माहिती द्यायची नाही, असं आधीच ठरवलं. माहिती अकरा पानांत होती. मला आधी कळायला हवं होतं की तिला नेमकी किती जागा आहे.

तिच्या चाचण्यांचा पेपर केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेच्या धर्तीवर होता: तीन तास, वीस प्रश्न, त्यातले दहा प्रश्न १० गुणांचे आणि १५० शब्दांचे, दहा प्रश्न १५ गुणांचे आणि २५० शब्दांचे. एकूण २५० गुण. १८० मिनिटं गुणांच्या प्रमाणात वाटली तर १० गुणांच्या प्रश्नाला सुमारे ७ मिनिटं आणि १५ गुणांच्या प्रश्नाला ११ मिनिटं येतात. दहा साती सत्तर आणि अकरा दाहे एकशे दहा, मिळून बरोबर १८०. श्वास घ्यायलाही वेळ उरत नाही.

या सात मिनिटांतली दीड मिनिटं प्रश्न वाचायला, त्यातला "केवळ" आणि "चर्चा करा" ओळखायला आणि तीन मुद्दे मनाशी ठरवायला जातात. उरतात साडेपाच मिनिटं. तिचा लिहिण्याचा वेग किती, हे तिला ठाऊक नव्हतं. मी तिला घड्याळ लावून पाच मिनिटं लिहायला लावलं, पुस्तकातून उतरवून नव्हे, तर स्वतःच्या मनानं, एका साध्या विषयावर. मोजले तर मिनिटाला २० शब्द. उतरवून घेताना हाच वेग २४ वर गेला, पण परीक्षेत उतरवून घ्यायला समोर काही नसतं. मग साडेपाच मिनिटांत किती? ११०.

म्हणजे पेपरवर मर्यादा १५० शब्दांची छापलेली असली तरी तिची खरी मर्यादा ११० होती. ही मर्यादा कुठल्याही पत्रकात नाही, पेपर काढणारा ती सांगू शकत नाही आणि तिनं स्वतःही ती कधी मोजली नव्हती. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. पेपरवर जी मर्यादा लिहिलेली असते ती वाचता तरी येते. जी आपल्या हातात, आपल्या घड्याळात किंवा आपल्या बसच्या वेळेत असते ती मोजल्याशिवाय दिसत नाही.

११० ऐकून ती घाबरली. तिला वाटलं, शब्द कमी पडले म्हणजे गुण कमी. इथे मराठीचा एक गुण तिला दाखवावा लागला. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून येतात. "नदीपात्रातल्या अतिक्रमणांमुळे" हे दोनच शब्द आहेत. तेवढाच आशय इंग्रजीत लिहायला सात-आठ शब्द लागतात. म्हणून मराठीतले ११० शब्द आशयानं हलके नसतात. दुसरी बाजूही आहे: मराठी शब्द लांब असतो, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि वरची रेघ यांत हाताला वेळ लागतो, म्हणून मिनिटाला शब्द कमी होतात. जे लिहायला जास्त वेळ लागतो त्यात आशयही जास्त बसतो. हे कळल्यावर तिचा जीव भांड्यात पडला.

मग अकरा पानांतलं काय ठेवायचं? प्रश्न विचारतो, "केवळ अतिवृष्टी जबाबदार आहे का?" याचं उत्तर पहिल्याच ओळीत यायला हवं. तिच्या ३१० शब्दांच्या उत्तरात पहिल्या सत्तर शब्दांत कृष्णेचा उगम महाबळेश्वरला होतो, ती कुठल्या जिल्ह्यांतून वाहते आणि तिच्या उपनद्या कोणत्या, हे होतं. माझ्या नोट्सची सुरुवातही तशीच होती. बहुपर्यायी परीक्षेत उगमावर प्रश्न येऊ शकतो. इथे त्या सत्तर शब्दांना गुण नव्हते आणि ते लिहायला साडेतीन मिनिटं गेली होती, म्हणजे तिला मिळालेल्या वेळाचा निम्मा भाग.

इशारा पातळी, धोका पातळी, तीन वर्षांच्या पाण्याच्या उंच्या, दोन धरणांच्या क्षमता असे सात आकडे तिनं घातले होते. सातपैकी एकही "केवळ" या शब्दाला उत्तर देत नव्हता. पाणी ५७ फुटांवर गेलं हे खरं, पण त्यावरून ते पावसानं गेलं की आणखी कशानं, हे कळत नाही. आम्ही सगळे आकडे काढले आणि फक्त साल ठेवलं.

एका जागी मात्र आमचा वाद झाला. तिच्या उत्तरात एक परिच्छेद तिच्या गावाबद्दल होता. २०१९ च्या त्या आठवड्यात घरातल्या माणसांनी जनावरं कशी सोडली, धान्याची पोती माळ्यावर कशी चढवली, पाणी ओसरायला किती दिवस लागले. ती म्हणाली, "मॅडम, हे मी पाहिलंय. पुस्तकातलं काढा, हे नका काढू." मला ते काढणं जड गेलं, कारण तिच्या सगळ्या उत्तरातला तेवढाच भाग तिचा स्वतःचा होता. पण त्यात पाणी का रेंगाळलं, हे नव्हतं. शेवटी आम्ही त्यातला एक धागा ठेवला: पाणी चढलं त्यापेक्षा ते ओसरायला जास्त दिवस लागले. तो अनुभव पहिल्या ओळीतल्या "रेंगाळतो" या एका शब्दात आला. बाकीचा परिच्छेद मी तिला निबंधाच्या वहीत लिहून ठेवायला सांगितला. निबंधाच्या पेपरात एका निबंधाला हजार-बाराशे शब्द आणि दीड तास असतो. तिथे गोठ्यातून सोडलेल्या म्हशीला जागा आहे आणि तिथे तो परिच्छेद पहिल्याच पानावर यायला हवा. मर्यादा बदलली की मजकूर फक्त लहान-मोठा होत नाही, त्यातलं काय घ्यायचं तेही बदलतं.

शेवटी उत्तर असं उरलं:

"पूर सुरू होतो अतिवृष्टीने, पण तो वाढतो आणि रेंगाळतो इतर कारणांनी. ऑगस्ट २०१९ मध्ये कोयना व वारणेच्या पाणलोटात काही दिवसांत प्रचंड पाऊस झाला, हे मूळ कारण.

मात्र धरणे बरीच भरलेली असल्याने पूर सामावण्यास जागा उरली नाही. मोठा विसर्ग पावसाच्या काळातच करावा लागला. सांगलीजवळ हरिपूरला वारणा, पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा मिळते. नदीचा उतार मंद, वळणे अनेक, त्यामुळे पाणी मागे तुंबते. पूररेषेतील बांधकामे व भराव यांनी पाण्याची पसरण्याची जागा घेतली.

कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा मुद्दा वादग्रस्त आहे. वडनेरे समितीने धरणावर ठपका ठेवला नाही.

म्हणून पाऊस हे निमित्त, तर धरणव्यवस्थापन आणि पूरक्षेत्राचा वापर ही तीव्रतेची कारणे होत."

हे नव्वदच्या आसपास शब्द आहेत. तिच्या वेगानं साडेचार मिनिटांत लिहून होतात आणि एक मिनिट हाताशी राहतं, तेवढ्यात नद्यांच्या संगमांची चार रेघांची आकृती काढता येते. आकृती शब्दांत मोजली जात नाही, पण वेळेत मोजली जाते. हेही तिनं आधी धरलं नव्हतं.

अलमट्टीचं वाक्य ठेवावं की नाही, यावर मी विचार केला. सांगलीत अलमट्टी म्हटलं की बोलणं लगेच तापतं आणि तिच्या पहिल्या उत्तरात नव्वद शब्द एकट्या अलमट्टीवर होते. तिनं जे गावात ऐकलं तेच लिहिलं होतं. प्रश्न "चर्चा करा" म्हणतो, म्हणून वादाचा मुद्दा यायला हवा. पण तो वाद आहे एवढं सांगून पुढे सरकायचं. २०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारनं नेमलेल्या समितीचा निष्कर्ष तिथे एका ओळीत पुरतो. प्रश्न "अलमट्टीच्या उंचीबाबतच्या वादाचे परीक्षण करा" असा असता तर प्रमाण उलटं झालं असतं.

इथवर मला वाटलं होतं की काम झालं. पण पुढच्या आठवड्यात आणखी एक मर्यादा निघाली आणि ती आमच्या दोघींच्याही नजरेतून सुटली होती.

तिचा पुढचा निरोप असा होता: "मॅडम, वर्णनात्मक पेपर आहे. १५ गुण, २५० शब्द, मला ११ मिनिटं आहेत. विषय सांगली जिल्ह्याचा दुष्काळी भाग आणि उपसा सिंचन. चाचणी रविवारी सकाळी दहाला. मला शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मिळालं तर शनिवारी दोनदा लिहून बघता येईल. एका पानात बसेल एवढंच द्या." निरोप वाचून मला फार बरं वाटलं. मी ठरवून बसले आणि २५० शब्दांचं तयार उत्तर लिहून शुक्रवारी दुपारीच पाठवलं. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, खानापूर हे पर्जन्यछायेतले तालुके, कृष्णेचं पाणी उचलणाऱ्या टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ योजना, पाणी पंपांनी टप्प्याटप्प्यानं वर चढवावं लागतं म्हणून येणारं विजेचं बिल, पाणी आल्यावर बदललेली पिकं. सगळं बेतशीर, एका पानात.

शनिवारी तिचा फोन आला. "मॅडम, हे पाठ करू का?"

तिला तयार उत्तर नको होतं. तिला असं काही हवं होतं की प्रश्न कुठूनही आला तरी त्यातून उत्तर उभं करता यावं. प्रश्न "उपसा सिंचन योजनांच्या आर्थिक व्यवहार्यतेचे मूल्यमापन करा" असा आला तर माझ्या पानातला अर्धा भाग निरुपयोगी ठरला असता. "दुष्काळी भागातील पीकबदलाचे परिणाम सांगा" असा आला तर उरलेला अर्धा. आणि नेमकं पाठ केलेलं उत्तर मुलं प्रश्न न वाचता उतरवतात. तिनं शब्द सांगितले, वेळ सांगितली, तारीख सांगितली. त्या कागदाचं ती काय करणार, हे सांगायचं राहिलं. आणि मीही विचारलं नाही, कारण या वेळी निरोप इतका भरगच्च होता की त्यात काही राहिलं असेल असं मला वाटलंच नाही. पहिल्या वेळी निरोप अपुरा होता म्हणून चूक झाली, दुसऱ्या वेळी तो पुरा वाटला म्हणून.

त्या शनिवारी फोनवरच आम्ही ते पान मोडलं. तिनं एका बाजूला पाच ओळी लिहून घेतल्या: पाऊस कमी का, पाणी कुठून उचलतात, खर्च कशाचा, बदललं काय, राहिलं काय. प्रत्येक ओळीखाली एक उदाहरण. प्रश्न १० गुणांचा आला तर पाचपैकी तीन ओळी घ्यायच्या आणि प्रत्येकीला एक वाक्य द्यायचं. १५ गुणांचा आला तर चार ओळी आणि उदाहरणं. प्रश्नाचं क्रियापद पाहून कोणत्या ओळी ते ठरवायचं: "मूल्यमापन करा" असेल तर खर्च आणि "राहिलं काय" सोडायचं नाही, "स्पष्ट करा" असेल तर पाऊस आणि पाणी उचलण्याची पद्धत आधी. तयार उत्तर २५० शब्दांचं होतं, हा कागद सत्तर शब्दांचाही नव्हता.

तेव्हापासून कोणी काही मागितलं की मी लिहायला बसण्याआधी उलट विचारते. कुठे लिहिणार आहेस आणि किती, हे तर विचारतेच. कधीपर्यंत हवं हे विचारताना "चाचणी कधी" आणि "तुला हातात कधी हवं" हे दोन वेगळे प्रश्न करते, कारण त्या दोहोंमधल्या वेळात तिला ते वाचायचं, लिहून बघायचं आणि गावाकडची बसही गाठायची असते. शनिवारी रात्री आठला पाठवलेल्या अकरा पानांचं तिनं काय केलं असेल? रात्री अकरापर्यंत मोबाइलच्या पडद्यावर वाचली, असं नंतर तिनं सांगितलं. मला मुदत ठाऊक असती तर मी शुक्रवारी तीन पानं पाठवली असती. आणि शेवटी विचारते, "माझ्याकडून कागद आल्यावर तू पहिल्यांदा काय करणार?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांना चटकन देता येत नाही. ते द्यायला लागल्यावरच लपलेली मर्यादा बाहेर येते. एका मुलानं सांगितलं, "एसटीत वाचणार." मग मी त्याला पान न पाठवता आवाजात बोलून पाठवलं.

एक अडचण मात्र या पद्धतीनं सुटत नाही. विचारणाऱ्यालाच कधी मर्यादा माहीत नसते. अलीकडे एकीनं गावच्या ग्रंथालयाच्या निबंध स्पर्धेसाठी विचारलं. शब्दमर्यादा विचारली तर म्हणाली, "पत्रकात नाही." अशा वेळी मी अंदाज बांधत नाही. मागच्या वर्षीचा बक्षीसपात्र निबंध किंवा कोरी उत्तरपुस्तिका बघायला सांगते. छापलेल्या रेघा, पानांची संख्या आणि शेवटच्या पानावरची जागा मर्यादा सांगून जातात. तिला चार पानी पुस्तिका मिळाली. एका पानावर तिचे दीडशे शब्द बसतात हे तिनं मोजलं आणि सहाशेच्या आत आखणी केली.

आता त्या दुसऱ्या चाचणीचं. प्रश्न आला तो १५ गुणांचा नव्हे, १० गुणांचा: "उपसा सिंचन योजनांपुढील आर्थिक अडचणी स्पष्ट करा." तिनं पाच ओळींतल्या पाणी, खर्च आणि "राहिलं काय" एवढ्याच घेतल्या. ७ मिनिटं २० सेकंद लागली. साडेपाच गुण मिळाले. दुसऱ्या एका प्रश्नात, स्थानिक स्वराज्य संस्थांवरच्या, ती पुन्हा वाहवली आणि शेवटचा प्रश्न अर्धाच राहिला. मागच्या वेळी दोन पूर्ण कोरे होते. उत्तरपुस्तिका माझ्यासमोर ठेवताना तिनं मला प्रत्येक उत्तराच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलेले आकडे दाखवले: प्रश्न सुरू केला तेव्हाची मिनिटं आणि संपवला तेव्हाची. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कडेला ८४ आणि ९७ होते.